गाडी लीजवर की विकत? करानंतरच्या व्याजदराने हिशोब मांडायची पद्धत, पायरी पायरीने

दोन वेळा या निर्णयातून गेलोय. पहिल्यांदा एक्सेल शीट बनवली, सगळे आकडे नीट भरले, उत्तर आलं "लीज स्वस्त", आणि सही केली. वर्षभराने अकाउंटंटने ती शीट बघितली आणि फक्त एक सेल बदलला, उत्तर उलटं झालं. त्या सेलमध्ये मी बँकेचा व्याजदर जसाच्या तसा टाकला होता, टॅक्स वजा न करता. खाली जे उदाहरण आहे ते त्याच व्हॅनचं आहे, फक्त आकडे गोल करून घेतलेत म्हणजे डोक्यात बसतील.

आधी एक गोष्ट, कारण इथेच बरेच जण गोंधळतात. "व्हॅन घ्यावी की नको" हा एक प्रश्न आणि "घ्यायचीच आहे तर लीजवर की विकत" हा दुसरा. पहिल्या प्रश्नात धंद्याची कमाई येते, रिस्क येते, तिथे जास्त दर लावून बघायचं. इथे आपण फक्त दुसरा प्रश्न सोडवतोय. व्हॅनमुळे किती डिलिव्हरी होणार, किती पैसे मिळणार ते दोन्ही पर्यायांत सारखंच आहे, त्यामुळे कमाई या शीटमध्ये येतच नाही. फक्त खर्च आणि खर्चामुळे वाचणारा टॅक्स.

१. बसायच्या आधी हे कागद समोर घ्या

- लीजचं पूर्ण अ‍ॅग्रीमेंट. नुसतं कोटेशन नको, त्यात हप्ता कधी द्यायचा आणि संपल्यावर काय होणार हे लिहिलेलं नसतं.
- विक्रेत्याचं कोटेशन, रजिस्ट्रेशन वगैरे धरून गाडी रस्त्यावर येईपर्यंतची रक्कम
- बँकेचं त्याच गाडीसाठीचं लोन ऑफर लेटर. लोन काढणार नसलात तरी घ्या, का ते पायरी ३ मध्ये आहे.
- अकाउंटंटकडून तीन उत्तरं: तुम्हाला लागू होणारा टॅक्सचा दर, या गाडीवर घसारा, म्हणजे गाडीची किंमत दर वर्षी घटते म्हणून दाखवता येणारा खर्च, कसा मिळतो, आणि या लीजमध्ये घसारा कोण घेणार
- तीन-चार वर्षं जुन्या तशाच गाड्या किती किमतीला विकल्या जातात त्याचे दोन-चार भाव

घसारा कोण घेणार हे मुद्दाम विचारायला सांगतोय. काही लीज नावाला लीज असतात पण करार असा असतो की टॅक्सच्या दृष्टीने तुम्हीच मालक ठरता, मग पूर्ण हप्ता खर्च म्हणून दाखवता येत नाही, घसारा आणि व्याज तुमच्या खात्यात येतं. तसं असेल तर खालची लीजची बाजू बदलते. हे प्रत्येक देशाच्या कायद्यावर आणि कराराच्या शब्दांवर ठरतं, म्हणून अंदाज बांधू नका, विचारून घ्या.

२. उदाहरणाचे आकडे मांडा

व्हॅनची किंमत १० लाख. आपल्याला ती ४ वर्षं लागणार आहे. टॅक्सचा दर २५%. बँक १२% ने लोन द्यायला तयार आहे.

विकत घेतली तर घसारा दर वर्षी २ लाख असा ५ वर्षं मिळतो (हे सोपं जावं म्हणून, तुमच्याकडे घटत्या शिलकीवर मिळत असेल तर दर वर्षी वेगळा आकडा येईल, पद्धत तीच). ४ वर्षांनी व्हॅन २.५ लाखाला जाईल असा अंदाज. सर्व्हिसिंग वर्षाला २०,०००, ते स्वतः करायचं.

लीजवर घेतली तर वर्षाला २,७०,००० असे ४ हप्ते, पण प्रत्येक हप्ता वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे पहिला आजच. सर्व्हिसिंग लीजवाल्यांकडे. ४ वर्षांनी व्हॅन परत.

इन्शुरन्स दोन्हीकडे आपणच भरणार आणि तेवढाच, म्हणून तो सोडून दिला. हा नियम लक्षात ठेवला की शीट छोटी राहते: दोन्हीकडे सारखं असेल ते लिहायचंच नाही.

आता इथेच थांबून पाहिलं तर "४ हप्ते म्हणजे १०,८०,००० आणि गाडी १० लाखाची, म्हणजे लीज ८० हजाराने महाग" असं वाटतं. हा हिशोब सगळे जण आधी करतात आणि तो कुठल्याच बाजूने खरा नाही. त्यात व्हॅन विकून येणारे पैसे नाहीत, टॅक्स नाही, आणि तीन वर्षांनी द्यायचा हप्ता आजच्या रकमेएवढाच धरलाय.

३. दर ठरवा, आणि इथे घाई करू नका

दर = लोनचा व्याजदर × (१ − टॅक्सचा दर). आपला १२% × ०.७५ = ९%.

का, ते नीट सांगतो, कारण मला हे कुणी सांगितलं नव्हतं. लीज म्हणजे दर वर्षी ठरलेली रक्कम द्यायची बांधिलकी. बँकेचा हप्ता जसा चुकवता येत नाही तसाच हाही. त्यामुळे लीज घेतली की तुमची कर्ज घ्यायची ताकद तेवढी वापरली जाते, मग तुम्ही प्रत्यक्षात लोन काढणार असाल किंवा रोख देणार असाल. म्हणून लीजची तुलना नेहमी लोनशी. आणि लोनवर १०० व्याज भरलं की ते खर्चात दाखवून २५ टॅक्स वाचतो, खिशातून ७५ च जातात. आपण शीटमध्ये बाकी सगळे आकडे टॅक्सनंतरचे धरतोय, मग दरही टॅक्सनंतरचाच हवा.

काही जण इथे धंद्याचा अपेक्षित परतावा टाकतात, १५% किंवा १८%. "माझे पैसे धंद्यात १८% कमावतात, मग तेच धरणार." ऐकायला बरोबर वाटतं. पण १८% ही रिस्क घेतल्याची कमाई आहे आणि लीजचा हप्ता हे ठरलेलं देणं आहे, त्याला रिस्कचा दर लावला की लांबचे हप्ते फुकटात गेल्यासारखे दिसतात आणि लीज कायम जिंकते. लीज विकणाऱ्या माणसाने शीट बनवून दिली असेल तर सगळ्यात आधी हा सेल बघा.

दराचे अजून दोन सापळे. एक, फ्लॅट रेट. बँक "७% फ्लॅट" म्हणाली आणि ४ वर्षांचे मासिक हप्ते असतील तर तो घटत्या शिलकीवर जवळपास १२.७% पडतो, कारण फ्लॅटमध्ये फेडलेल्या मुद्दलावरही व्याज लागत राहतं. ऑफर लेटरमध्ये घटत्या शिलकीचा दर शोधा, नसेल तर विचारा. दोन, घरगुती वापराची गाडी. तिच्यावर घसाराही नाही आणि व्याजाची वजावटही मिळत नसेल, तर टॅक्सचा दर शून्य धरा आणि लोनचा पूर्ण १२% लावा. धंदा तोट्यात असेल आणि पुढची काही वर्षं टॅक्स भरायचाच नसेल तरी हेच लागू. यात अर्धवट करू नका. मी एकाची शीट पाहिली त्यात टॅक्सचा फायदा शून्य केला होता पण दर ९% च ठेवला होता. आपल्या आकड्यांवर तसं केलं तर खरेदी सुमारे ६५,८०० ने स्वस्त दिसते, खरा फरक १२% ने फक्त १६,६०० च्या आसपास येतो. टॅक्सचा दर बदलला की दोन्हीकडे बदलायचा.

४. खरेदीची बाजू

९% ने एक वर्षानंतरचा १ रुपया आज १ ÷ १.०९ म्हणजे ०.९१७४ चा, दर वर्षी परत १.०९ ने भागत गेलं की दोन वर्षांनंतरचा ०.८४१७, तीन वर्षांनंतरचा ०.७७२२ आणि चार वर्षांनंतरचा ०.७०८४. चारही मिळून ३.२३९७. हे एकदा शीटच्या वर लिहून ठेवा.

- आज द्यायचे: १०,००,०००
- घसाऱ्यामुळे वाचणारा टॅक्स: वर्षाला २,००,००० × २५% = ५०,०००, चार वर्षं. आजची किंमत साधारण १,६२,०००. हे वजा.
- सर्व्हिसिंग: २०,००० पैकी टॅक्स वाचून १५,००० खिशातून. आजची किंमत ४८,६००. हे अधिक.
- चौथ्या वर्षी विक्री: इथे जरा थांबा.

व्हॅन २.५ लाखाला विकली म्हणजे २.५ लाख हातात आले असं नाही. ४ वर्षांत ८ लाख घसारा घेतला, पुस्तकात व्हॅन २ लाखाची उरली. विकली २.५ ला, म्हणजे ५०,००० नफा आणि त्यावर १२,५०० टॅक्स (घसाऱ्याचे नियम तुमच्याकडे वेगळे असतील तर हा टॅक्स वेगळ्या प्रकारे येईल, पण येतो). हातात २,३७,५००, त्याची आजची किंमत १,६८,२००. हे वजा. उलट २ लाखाच्या खाली विकली असती तर तोटा दाखवून टॅक्स वाचला असता. ही ओळ विसरणारे खूप आहेत.

गोळाबेरीज: १०,००,००० − १,६२,००० + ४८,६०० − १,६८,२०० = ७,१८,४००. टॅक्स वगैरे सगळं धरून चार वर्षं व्हॅन स्वतःची करून वापरायचा हा आजच्या पैशातला खर्च.

यात लोनचा ईएमआय कुठेच नाही हे लक्षात आलं असेल. मुद्दामच नाही. ९% ने डिस्काउंट केलं, म्हणजे पुढच्या रकमांची आजची किंमत काढली, तेव्हाच व्याज हिशोबात आलं, आता ईएमआय पण लिहिला तर व्याज दोनदा मोजलं जाईल. पटत नसेल तर एक प्रयोग करा: शीटमध्ये लोनचे १० लाख आले असं लिहा, मग मुद्दल आणि टॅक्स वजा करून व्याज गेलं असं लिहा, आणि ९% ने आजची किंमत काढा. शून्य येईल. शून्यच येणार असेल तर लिहायचं कशाला. आणि शून्य आलं नाही तर शीटमध्ये कुठेतरी चूक आहे, ती शोधायला हा प्रयोग चांगला.

५. लीजची बाजू

हप्ते आज, एक, दोन आणि तीन वर्षांनी. आजचा हप्ता पूर्ण, त्याला डिस्काउंट नाही. गुणक १ + ०.९१७४ + ०.८४१७ + ०.७७२२ = ३.५३१३. म्हणजे २,७०,००० × ३.५३१३ = ९,५३,४००.

हप्त्यामुळे वाचणारा टॅक्स: २,७०,००० × २५% = ६७,५००, पण हा फायदा वर्षअखेरीला मिळतो असं धरलंय. हप्ता जानेवारीत दिला तरी टॅक्स त्याच दिवशी कमी होत नाही. म्हणून इथे ३.२३९७ लावायचा: २,१८,७००.

लीजचा खर्च ९,५३,४०० − २,१८,७०० = ७,३४,७००.

खरेदी ७,१८,४००, लीज ७,३४,७००. खरेदी साधारण १६,४०० ने स्वस्त (पैशांपर्यंत काढलं की एवढे येतात, गोल केल्यामुळे शंभर इकडेतिकडे).

आता माझी चूक बघा. हेच सगळं मी १२% ने केलं होतं. १२% ने खरेदी येते ७,४२,८०० आणि लीज ७,१३,५००. लीज २९,३०० ने स्वस्त! एकही आकडा खोटा नाही, फक्त दर टॅक्सच्या आधीचा. दर वाढवला की लांबच्या गोष्टी हलक्या होतात. खरेदीत मोठा खर्च आजचा आणि फायदे लांबचे, लीजमध्ये खर्च पुढे पसरलेला, म्हणून चुकीचा मोठा दर नेहमी लीजच्या बाजूला ओढतो.

६. शीटमध्ये कसं टाकायचं

मी आता दोन वेगळ्या बाजू न मांडता एकच ओळ करतो: खरेदीऐवजी लीज घेतली तर प्रत्येक वर्षी खिशात किती फरक पडतो.

आज: १० लाख द्यावे लागले नाहीत, हप्ता २,७०,००० दिला, म्हणजे +७,३०,०००.
वर्ष १, २ आणि ३ ची अखेर: हप्ता −२,७०,०००, हप्त्याचा टॅक्स +६७,५००, घसाऱ्याचा फायदा गेला −५०,०००, सर्व्हिसिंग वाचलं +१५,०००. म्हणजे −२,३७,५००.
वर्ष ४: हप्ता नाही, +६७,५०० − ५०,००० + १५,०००, आणि विक्रीचे २,३७,५०० गेले. म्हणजे −२,०५,०००.

हे पाच आकडे B2 पासून F2 पर्यंत टाका आणि:

```
=B2+NPV(9%,C2:F2)
```

उत्तर सुमारे −१६,४००. वजा आलं म्हणजे लीज महाग.

`=NPV(9%,B2:F2)` असं लिहू नका. NPV हे फंक्शन रकमांची आजची किंमत काढताना पहिला आकडा एक वर्षानंतरचा समजतं, त्यामुळे आजचे ७,३०,००० पण एक वर्ष मागे ढकलले जातात. मोठी चूक दिसत नाही, वजा-अधिकचं चिन्हही बदलत नाही, म्हणून सापडतच नाही, पण रक्कम चुकते. आणि खरेदी-लीज वेगवेगळ्या मांडून एकीकडे बरोबर, दुसरीकडे चुकीचं लिहिलं की मग उत्तरच फिरतं.

ही एक ओळ मला आवडते कारण तिच्यात लीज नक्की काय आहे ते उघडं पडतं. लीजवाला आज तुम्हाला ७,३०,००० ची सोय करून देतोय आणि बदल्यात पुढच्या चार वर्षांत २,३७,५०० तीनदा आणि शेवटी २,०५,००० काढून घेतोय. म्हणजे लोनच. आता विचारा की नेमके एवढेच पैसे बँकेला परत करायचे असतील तर बँक आज किती देईल? त्या चार रकमांची ९% ने आजची किंमत ७,४६,४००. खात्री करून बघा: ७,४६,४०० वर टॅक्सनंतरचं ९% व्याज ६७,२००, झाले ८,१३,६००, त्यातून २,३७,५०० फेडले, उरले ५,७६,१००. पुढच्या वर्षी व्याज ५१,८००, फेड तेवढीच, उरले ३,९०,४००. तिसऱ्या वर्षअखेरीला उरतात १,८८,१००, त्यावर १६,९०० व्याज धरलं की बरोबर २,०५,०००, खातं बंद. बँक ७,४६,४०० देते, लीजवाला ७,३०,०००. तोच १६,४०० चा फरक.

त्याच ओळीवर `=IRR(B2:F2)` चालवलं, म्हणजे ज्या दराने ही ओळ शून्य होते तो दर काढला, तर १०.०५% च्या जवळ येतं. टॅक्सनंतरचा आहे, ०.७५ ने भागला की १३.४%. म्हणजे ही लीज म्हणजे १३.४% चं लोन आहे, बँक १२% ने देत असताना. लीजवाले "यात व्याज नसतं हो" म्हणतात तेव्हा हा आकडा हातात असलेला बरा.

हप्ता मासिक असेल तर ४८ महिन्यांच्या रकाने करा आणि ९% ऐवजी महिन्याला ०.७५% लावा. टॅक्सचा फायदा मात्र ज्या महिन्यात टॅक्स भरता त्याच महिन्यात टाका, दर महिन्याला पसरवू नका.

७. रिसेलचा आकडा हलवून बघा

सोळा हजार चारशेच्या फरकावर लगेच "खरेदी" म्हणून मोकळं होऊ नका. वरच्या सगळ्या आकड्यांपैकी हप्ते पक्के, किंमत पक्की, टॅक्सचा फायदा बऱ्यापैकी पक्का. एकच आकडा अंदाजाचा आहे: चार वर्षांनी २.५ लाख.

तो किती खाली आला तर फरक संपतो? विक्री किंमत १०० ने कमी झाली की टॅक्स वजा जाता हातातले ७५ कमी होतात आणि आजच्या किमतीत ७५ × ०.७०८४ म्हणजे ५३. १६,४०० भरून निघायला किंमत साधारण ३१,००० ने पडावी लागेल. म्हणजे व्हॅन २,१९,००० च्या वर गेली तर खरेदी बरी, खाली गेली तर लीज बरी. सगळ्या शीटमधून माझ्या उपयोगाचा आकडा हा एकच निघाला. कारण "व्हॅन चार वर्षांनी २.२ लाखाला जाईल का" हा प्रश्न मी जुन्या गाड्या विकणाऱ्याला विचारू शकतो, तो गाडीचं मॉडेल ऐकून सांगतो. "एनपीव्ही किती" हे त्याला विचारून उपयोग नाही.

काही जण रिसेलला वेगळा, जास्त दर लावतात, कारण ते ठरलेलं देणं नाही, रिस्कवालं आहे. तत्त्वतः बरोबर आहे. रिसेलला १५% लावला (बाकी सगळ्याला ९% च) तर २,३७,५०० ची आजची किंमत १,६८,२०० वरून १,३५,८०० वर येते, खरेदीचा खर्च ७,५०,८०० होतो आणि लीज १६,००० ने जिंकते. म्हणजे फरक एवढा बारीक आहे की तुम्ही रिसेलवर किती विश्वास ठेवता त्यावर उत्तर ठरतं. मला स्वतःला दर वाढवण्यापेक्षा वरची २.१९ लाखाची रेषा काढणं जास्त समजतं, पण दोन्ही चालेल, फक्त दोन्ही एकदम करू नका. अंदाज पण कमी धरला आणि दर पण वाढवला की एकाच भीतीचे पैसे दोनदा लावले.

ज्या वस्तूला चार वर्षांनी गिऱ्हाईकच नसतं, लवकर जुनी होणारी कॉम्प्युटरसारखी उपकरणं वगैरे, तिथे ही पायरी सगळ्यात जड. चार-पाच मॉडेल मागे पडलेलं मशीन परत घ्यायची जोखीम लीजवाला उचलत असेल तर त्याला थोडे जास्त पैसे देणं रास्त आहे. किती जास्त ते तुम्हाला आता मोजता येतं.

८. हप्त्याची घासाघीस या शीटवरून करा

शीटमध्ये हप्ता किती असला तर दोन्ही सारखे पडतात ते काढा. एक्सेलमध्ये `Goal Seek` वापरा, फरकाचा सेल ० करायला सांगा, हप्त्याचा सेल बदलू द्या. हप्त्याचा सेल एकच हवा आणि बाकी सगळीकडे त्याचाच संदर्भ हवा, नाहीतर ते चालत नाही. आपल्याकडे उत्तर येतं २,६४,००० च्या जरा खाली.

दुसऱ्या वेळी मी हेच केलं. "थोडं कमी करा ना" ऐवजी "२,६४,००० च्या वर मला लोन स्वस्त पडतं" असं सांगितलं. समोरच्याने हप्ता हलवला नाही, पण चारही हप्ते वर्षाच्या सुरुवातीऐवजी शेवटी घ्यायला तयार झाला, आणि हा बदल त्याला बहुतेक किरकोळ वाटला असावा. शीटमध्ये टाकून बघा: २,७०,००० च, पण वर्षअखेरीला, तर लीजचा खर्च २,७०,००० × ०.७५ × ३.२३९७ म्हणजे ६,५६,००० वर येतो. एका ओळीच्या बदलाने ७८,७०० चा फरक! हप्ता किती यापेक्षा कधी, हे विचारायला विसरू नका.

९. अ‍ॅग्रीमेंटमधल्या या तीन जागा शीटमध्ये आणा

डिपॉझिट. "परत मिळणारं आहे" म्हणून लोक सोडून देतात. ५०,००० बिनव्याजी डिपॉझिट चार वर्षांनी परत मिळालं तर त्याची आजची किंमत ३५,४००, म्हणजे १४,६०० गेले. आपल्या १६,४०० च्या फरकासमोर हे लहान नाही.

किलोमीटरची मर्यादा आणि परत देतानाची तपासणी. मर्यादेच्या वर प्रत्येक किलोमीटरला किती, आणि "नॉर्मल झीज" म्हणजे काय याची व्याख्या लेखी आहे का ते बघा. गेल्या वर्षीचं लॉगबुक काढा, खरे किलोमीटर मोजा आणि जास्तीचे पैसे चौथ्या वर्षाच्या रकान्यात टाका, टॅक्स वजा करून. माझ्या व्हॅनच्या मागच्या दाराला आतून क्रेट घासून चरे पडले होते, रोजच्या वापरात पडतातच, पण त्यांच्या यादीत मालाच्या कप्प्यातले चरे "नुकसान" होते. बिल आलं. व्हॅन ताब्यात घेतानाच आतून-बाहेरून तारखेसह फोटो काढून ठेवा आणि कप्प्याला प्लायवूड लावायला चालेल का ते आधी विचारा.

मुदतीआधी बंद करणं. शीट चार वर्षं धरून बनवली आहे. दोन वर्षांनी काम कमी झालं तर स्वतःची व्हॅन विकता येते, पडत्या भावाने का होईना. लीजमध्ये उरलेले सगळे हप्ते द्यावे लागतील असा क्लॉज असेल तर दोन वर्षांच्या मुदतीची वेगळी शीट बनवा: एकीकडे दोन वर्षांनी जो भाव येईल तो, दुसरीकडे न वापरता द्यायचे ५,४०,०००. काम टिकेल याची खात्री नसेल तर सही करायच्या आधी हा एकच क्लॉज बदलून मागा, हप्ता थोडा वाढला तरी. माझ्या अ‍ॅग्रीमेंटमध्ये तो अकराव्या पानावर होता, आणि मी तेव्हा चौथ्या पानापर्यंतच वाचलं होतं.